बेबाक नव्हे, ‘सेटल्ड’

कर्ज फिटले की खत फाटले पाहिजे, असा आपल्याकडे जुना दंडक होता. शेवटचा रुपया मोजून घेतल्यावर सावकाराने ऋणकोच्या डोळ्यांदेखत कागदाचे दोन तुकडे करावयाचे, किंवा निदान त्याच्या पाठीवर ‘बेबाक’ असा शेरा मारून फारखत लिहून द्यावयाची, म्हणजे त्या देण्याची कथा तेथेच संपे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी जेव्हा शेतकऱ्यांचा उठाव झाला, तेव्हा त्यांचा रोख सावकारांच्या जिवापेक्षा त्यांच्या दप्तरांवर अधिक होता आणि ठिकठिकाणी खतपत्रांच्याच होळ्या झाल्या, त्याचेही मर्म हेच की, देण्याचा पुरावा कागदात होता आणि कागद नष्ट होऊ शकत होता.

आजच्या देण्याचे खत फाडता येत नाही. ते एका तिजोरीत नसून चार कंपन्यांच्या नोंदवह्यांत एकाच वेळी वसत असते, आणि ज्याने पैसे दिले त्याच्याशी तुमचा हिशेब कसा मिटला हे ज्याच्याशी तुमचा कधीही व्यवहार झालेला नाही अशा परक्या बँकेलाही तेथे वाचावयास मिळते. क्रेडिट कार्डाची थकबाकी ‘वन टाइम सेटलमेंट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तडजोडीने मिटवावयास निघालेल्या माणसाला हा फरक बहुधा तडजोड होऊन गेल्यावर कळतो. माझ्या परिचयातील एका मुद्रकाला तो तसाच कळला. त्यांच्या संमतीने, त्यांचे व बँकेचे नाव टाळून आणि ओळख पटू नये म्हणून रकमा थोड्या सरळ करून, त्यांची कागदपत्रे मी येथे वाचकांपुढे मांडतो आहे.

या गृहस्थांचे पुण्याच्या जुन्या वस्तीत लहानसे मुद्रणालय आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, संस्थांचे वार्षिक अहवाल, अशी किरकोळ पण नियमित कामे. कागदाच्या व्यापाऱ्याने उधारी बंद केल्यावर त्यांनी रिमांची खरेदी कार्डावर सुरू केली आणि गिऱ्हाइकांची बिले तुंबू लागली, तसे ते दरमहा ‘मिनिमम ड्यू’ म्हणजे किमान देय रक्कम तेवढी भरू लागले. मे २०२३ मध्ये तेही थांबले. त्या वेळी खात्यावर १ लाख ८० हजार रुपये बाकी होती. जानेवारी २०२४ च्या अखेरीस, एकही नवी खरेदी न करता, विवरणपत्रात बाकी दिसत होती २ लाख ५१ हजार ७४४ रुपये.

हा आकडा कसा वाढला ते नीट पाहिल्याखेरीज तडजोडीचा अर्थ समजत नाही. व्याज दरमहा साडेतीन टक्के, म्हणजे १ लाख ८० हजारांवर ६,३०० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी १,१३४. विलंबशुल्क १,३०० आणि त्यावरचा कर २३४. एकूण महिन्याला ८,९६८ रुपये. व्याजावर व्याज मुळीच धरले नाही, तरी आठ महिन्यांत हे ७१,७४४ होतात. वर्षाला ४२ टक्के पडणारा हा दर बेकायदेशीर असला पाहिजे, असे पुष्कळांना वाटते. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांवरील कार्डव्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविलीही होती. परंतु सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. सबब दर जास्त आहे, एवढ्या तक्रारीवर आज तडजोडीच्या टेबलावर काही मिळत नाही.

मग बँक सूट देते कशासाठी? एका खाजगी बँकेच्या वसुली खात्यातून निवृत्त झालेल्या अधिकाऱ्यांना मी हा प्रश्न विचारला, तेव्हा त्यांनी दयेचा उल्लेखही न करता जमाखर्चाचेच उत्तर दिले. कार्डाच्या कर्जाला तारण नसते. किमान देय रक्कम ९० दिवस थकली की खाते अनुत्पादक, म्हणजे एनपीए ठरते आणि बँकेला आपल्या नफ्यातून त्यापोटी तरतूद करावी लागते. अनेक बँकांत साधारण सहा महिन्यांच्या थकबाकीनंतर अशी रक्कम निर्लेखित होते, म्हणजे पुस्तकातून बुडीत म्हणून काढून टाकली जाते. मात्र ही बँकेने स्वतःच्या वहीशी केलेली व्यवस्था आहे, ऋणकोला दिलेली माफी नव्हे. वसुलीचा हक्क पूर्ववत कायम राहतो. “दोन महिने थकलेला माणूस सूट मागायला आला, तर आम्ही त्याला हप्ते बांधून द्यायचो,” ते म्हणाले. “आठ महिने थकलेला आला, तर खुर्ची द्यायचो. कारण तोवर त्याच्याकडून येणारा प्रत्येक रुपया आमच्या लेखी सापडलेला रुपया झालेला असायचा.”

या व्यवहाराला नियमांचा आधार आहे. रिझर्व्ह बँकेने ८ जून २०२३ रोजी तडजोडींविषयी जी चौकट घालून दिली, तिच्यानुसार प्रत्येक संस्थेने संचालक मंडळाने मंजूर केलेले धोरण ठेवावयाचे असते आणि किती सूट कोणत्या परिस्थितीत द्यावयाची, हे त्या धोरणात ठरलेले असते. म्हणजे फोनवर बोलणाऱ्या वसुली प्रतिनिधीला सूट मंजूर करण्याचा अखत्यार नसतो. तो केवळ निरोप्या असतो आणि वसूल होणाऱ्या रकमेवर त्याची अडत ठरलेली असते. त्याच चौकटीत असेही आहे की, ठरलेली रक्कम फेडण्याची मुदत तीन महिन्यांहून अधिक दिली, तर तो व्यवहार तडजोड न राहता कर्जाची पुनर्रचना मानला जातो. बँका दोन-तीन हप्त्यांपलीकडे सहसा का जात नाहीत, याचे उत्तर येथे आहे. वर्षभर हप्ते मागणाऱ्याला नकार मिळतो, तो अधिकाऱ्याच्या लहरीमुळे नव्हे.

मुद्रकांना पहिला प्रस्ताव आला तो अशाच निरोप्याकडून. “साहेब, दोन लाख दहा हजारांत फाइल बंद करतो. महिनाअखेर आहे, उद्या ही ऑफर राहणार नाही.” शिवाय ऑफर ‘होल्ड’ करण्यासाठी आजच दहा हजार रुपये एका मोबाइल क्रमांकावर यूपीआयने पाठवावेत, पत्र मागाहून येईल, अशी पुरवणी होती. यांनी पत्र आधी मागितले. तासाभरात व्हॉट्सअ‍ॅपवर एक पीडीएफ आली. वर बँकेचे बोधचिन्ह, खाली गोल शिक्का, सर्व काही यथास्थित. पण तीस वर्षे अक्षरे जुळवण्यात गेलेल्या या माणसाला ते बोधचिन्ह आडवे किंचित ताणलेले दिसले आणि मजकुराच्या मधल्या दोन ओळींतील आकडे वेगळ्या टाइपातले दिसले. “लेटरहेड छापायला काय लागतं, ते मला विचारा,” ते मला म्हणाले. दहा हजार वाचले ते मुद्रकाच्या नजरेमुळे.

ज्याच्यापाशी अशी नजर नाही, त्याच्यासाठीही उपाय आहे आणि तो याहून खात्रीचा आहे. कार्डाच्या पाठीवर छापलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करावा, पत्राचा संदर्भ क्रमांक सांगावा आणि असा तडजोडीचा प्रस्ताव आपल्या खात्यावर नोंदलेला आहे काय, हे विचारावे. पत्र बँकेच्या स्वतःच्या ई-मेल पत्त्यावरून मागवावे. पैसे कोणाच्याही मोबाइल क्रमांकावर न पाठवता थेट त्या कार्डाच्या खात्यातच भरावेत. आणि तगादा लावणारा सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर फोन करीत असेल, शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाच्यता करीत असेल, तर त्या वेळा व शब्द तारखेनिशी लिहून ठेवावेत, कारण रिझर्व्ह बँकेने या दोन्ही गोष्टींना मज्जाव केलेला आहे आणि अशी टिपणे पुढे वाटाघाटीतही कामी येतात.

मुद्रक मग शाखेत गेले. तेथे कार्डाच्या वसुलीशी शाखेचा संबंध नसतो असे कळले, मात्र वसुली विभागाचा पत्ता मिळाला. त्या पत्त्यावर त्यांनी जो अर्ज पाठविला त्याची प्रत माझ्यासमोर आहे. त्यात गाऱ्हाणे नाही. पहिल्या परिच्छेदात धंद्याची उलाढाल कशी घटली हे दोन वर्षांच्या आयकर विवरणांच्या प्रतींसह सांगितले आहे, दुसऱ्यात रक्कम, ९० हजार, तिसऱ्यात ती कोठून येणार, म्हणजे एक संस्थेचे थकलेले बिल आणि नातलगाकडून हातउसने, चौथ्यात तारीख. निवृत्त अधिकाऱ्यांना मी हा अर्ज दाखविला तेव्हा ते म्हणाले, “वरच्याकडे मंजुरीला पाठवायची टिप्पणी यानं आम्हाला आयतीच लिहून दिली.” बँकेला दोन गोष्टींची खातरी हवी असते: हा माणूस पूर्ण रक्कम देऊ शकत नाही, आणि जी देतो म्हणतो ती खरोखरच देईल. पहिली सिद्ध न झाली तर सूट मिळत नाही. दुसरी न झाली तर पत्र मिळत नाही. त्याच बँकेत आपली मुदत ठेव असेल तर पहिली कधीच सिद्ध होणार नाही, इतकेच नव्हे तर कराराच्या अटींनुसार बँक त्या ठेवीतूनच बाकी वळती करून घेऊ शकते.

उत्तर आले १ लाख ६२ हजारांचे. यांनी १ लाख १० हजार म्हटले. तीन आठवडे दोन्ही बाजू गप्प राहिल्या आणि अखेर १ लाख २६ हजारांवर, ४२ हजारांच्या तीन मासिक हप्त्यांत, मामला तुटला.

येथे क्षणभर थांबून त्या सुटीचे शवविच्छेदन केले पाहिजे. २ लाख ५१ हजार ७४४ च्या देण्यात १ लाख २६ हजार भरावयाचे, म्हणजे जवळजवळ निम्मे माफ, असे बँकेच्या पत्रात ठळकपणे म्हटले होते आणि घरात त्या रात्री आनंदही तेवढाच झाला. पण माफ झालेल्या १ लाख २५ हजार ७४४ रुपयांपैकी ७१,७४४ हे गेल्या आठ महिन्यांचे व्याज, कर आणि विलंबशुल्क होते. थकबाकी सुरू झाली त्या दिवशीच्या बाकीतून सुटले ते ५४ हजार, म्हणजे शंभरास तीस. सूट नेहमी त्या बाकीशी ताडून मोजावी, फुगलेल्या रकमेशी नव्हे. जो आकडा बँकेने स्वतःच चढविला तो तिनेच उतरवला, तर त्यात ऋणकोला मिळाले काय आणि मोजावे लागले काय, याचा विचार निराळा करावा लागतो.

तडजोडीचे पत्र एका पानाचे होते. ऋणकोचे नाव, कार्डाचे शेवटचे चार अंक, एकूण येणे, तडजोडीची रक्कम, तीन तारखा, आणि ही रक्कम ‘फुल अँड फायनल सेटलमेंट’ म्हणजे संपूर्ण व अंतिम फेड मानली जाईल हे वाक्य. या वाक्यावाचून भरलेला पैसा हा निव्वळ थकबाकीतला एक भरणा होतो, हे लक्षात ठेवले पाहिजे. त्याखालचे कलम कडक होते: तीनपैकी एकही हप्ता तारखेस चुकला तर तडजोड रद्द, संपूर्ण येणे पुनश्च जिवंत, आणि तोवर भरलेले पैसे त्यात जमा. मुद्रकांचा तिसरा हप्ता चुकण्याच्या बेतात होता, कारण संस्थेचे बिल निघाले नाही. पत्नीने दोन पाटल्या काढून दिल्या आणि मुदतीच्या आदल्या दिवशी पैसे भरले गेले. हातात निश्चित रक्कम नसताना तीन हप्त्यांची कबुली देणे किती जोखमीचे असते, ते त्या दिवशी त्या घराने अनुभवले.

पत्राच्या तळाशी आणखी एक ओळ होती. तडजोडीची माहिती नियमानुसार पत-माहिती कंपन्यांना ‘सेटल्ड’ म्हणून कळविली जाईल. मुद्रकांनी ती वाचली होती. हप्ते, तारखा, व्याज यांवर त्यांनी महिनाभर घासाघीस केली. या ओळीबद्दल एक प्रश्नही विचारला नाही. “सेटल्ड म्हणजे मिटलं, असंच मला वाटलं,” ते म्हणाले. भाषेच्या दृष्टीने त्यांचे चुकले नव्हते, पण पत-माहिती कंपन्यांच्या परिभाषेत त्या शब्दाचा अर्थ ‘मिटले’ असा नसून ‘पुरते न घेता मिटविले’ असा आहे. पुरते फिटलेल्या खात्याला तेथे ‘क्लोज्ड’ म्हणतात. आपल्या जुन्या शब्दांत सांगावयाचे तर ‘क्लोज्ड’ म्हणजे बेबाक, आणि ‘सेटल्ड’ म्हणजे फारखत आहे पण बेबाकी नाही.

ही नोंद ठेवणाऱ्या कंपन्या देशात चार आहेत: २००० साली मुंबईत स्थापन झालेली आणि आता ट्रान्सयुनियन सिबिल म्हणून ओळखली जाणारी, आणि तिच्याखेरीज इक्विफॅक्स, एक्स्पीरियन व क्रिफ हाय मार्क. त्यांचा कारभार २००५ च्या पत-माहिती कंपन्यांच्या कायद्याखाली चालतो आणि प्रत्येकीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य दिला पाहिजे, असा दंडक २०१७ पासून आहे. शेवटचा हप्ता एप्रिल २०२४ मध्ये भरल्यावर बँकेकडून ‘नो ड्यूज’चा दाखला आला आणि दोन महिन्यांनी मुद्रकांनी सिबिलचा अहवाल काढला. त्यात त्या कार्डाची स्थिती ‘सेटल्ड’ही नव्हती. ती ‘रिटन ऑफ’ अशी होती आणि बाकीच्या रकान्यात शून्याऐवजी १ लाख २५ हजार ७४४ उभे होते. माफ केलेली रक्कम येणे म्हणूनच चालत राहिली होती.

असे का होते? वसुली विभागाने खाते बंद केले तरी पत-माहिती कंपनीकडे जाणाऱ्या यादीत तो बदल वेगळ्या हाताने व्हावा लागतो आणि तो हात पुष्कळदा तेथवर पोहोचलेलाच नसतो. म्हणून दाखला मिळाला की काम संपले, असे न मानता दीड-दोन महिन्यांनी अहवाल काढून तीन जागा तपासाव्यात: खात्याची स्थिती, चालू बाकी आणि थकीत रक्कम. शेवटच्या दोन्ही ठिकाणी शून्य पाहिजे, आणि निर्लेखनानंतर तडजोड झाली असेल तर स्थितीच्या जागी नुसते ‘रिटन ऑफ’ न राहता निर्लेखनोत्तर तडजोड झाल्याची नोंद पाहिजे. मुद्रकांनी तडजोडीचे पत्र, तिन्ही भरण्यांच्या पावत्या आणि दाखला जोडून सिबिलच्या संकेतस्थळावर हरकत नोंदविली व तिची प्रत बँकेला पाठविली. एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या नियमानुसार अशी तक्रार ३० दिवसांत निकाली न निघाल्यास तक्रारदाराला दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. तेवढ्यानेही न भागले तर cms.rbi.org.in या ठिकाणी लोकपालाकडे जाता येते. त्याची वेळ आली नाही. चौथ्या आठवड्यात बाकी शून्य झाली आणि स्थितीच्या जागी ‘सेटल्ड’ उमटले.

आता गुणांकाविषयी. तडजोडीने ‘स्कोअर’ किती गुणांनी पडतो, असा प्रश्न सर्वजण विचारतात आणि ठाम आकडा सांगणारेही पुष्कळ भेटतात. ३०० ते ९०० या मापातला हा गुणांक ज्या सूत्राने काढतात ते सूत्र प्रसिद्ध केलेले नाही, म्हणून त्या ठाम आकड्यांवर विसंबू नये. मुद्रकांच्या अहवालातून मात्र एक गोष्ट स्वच्छ दिसते. मे २०२३ पूर्वी त्यांचा गुणांक साडेसातशेच्या वर होता. जानेवारी २०२४ मध्ये, म्हणजे तडजोडीची वाटाघाट सुरू व्हायच्या आधीच, तो सहाशेच्या खाली गेलेला होता. अहवालात मागील ३६ महिन्यांची चौकटींची एक पट्टी असते आणि प्रत्येक चौकटीत त्या महिन्यात किती दिवस थकले ते लिहिलेले असते: ०००, ०००, ०००, मग ०२६, ०५७, ०८७, ११८. पडझड या चौकटींनी केली. तडजोडीने त्यांची वाढ थांबविली. गुणांकाचे नुकसान मुख्यतः थकबाकीचे असते. ‘सेटल्ड’ या शब्दाचे नुकसान निराळ्या ठिकाणी होते.

ते ठिकाण मुद्रकांना २०२५ च्या सुरुवातीस सापडले. दरम्यान त्यांनी घरातल्या सोन्यावर एक लहान कर्ज काढून ते नियमाने फेडले होते आणि गुणांक सातशेच्या जवळ आला होता. धायरीच्या बाजूला मुलासाठी दोन खोल्यांचे घर घ्यावयाचे ठरले आणि २० लाखांच्या कर्जासाठी त्यांनी एका बँकेत अर्ज केला. कर्ज विभागातील बाईंनी अहवाल उघडून पडदा त्यांच्याकडे वळविला आणि त्या एका शब्दावर पेन ठेवले. “काका, स्कोअर बघून अर्ज आत येतो,” त्या म्हणाल्या, “पण अहवाल वाचून तो पुढे जातो. इथं दुसऱ्या बँकेनं तोटा सोसलाय.” दुसऱ्या बँकेतही हेच झाले. ज्या बँकेशी तडजोड झाली तिच्याकडे वळावे, तर रिझर्व्ह बँकेच्या त्याच चौकटीप्रमाणे, शेतीकर्जाखेरीज अन्य बाबतींत, तडजोडीनंतर निदान बारा महिने तीच संस्था पुन्हा कर्ज देऊ शकत नाही, आणि पुढची मुदत तिच्या धोरणावर असते. शेवटी एका गृहवित्त कंपनीने होकार दिला, पण बँकेचा पावणेनऊ टक्क्यांचा दर सोडून पावणेअकराने.

मुद्रकांनी मला ते गणित मुद्रिताच्या कोऱ्या पाठीवर करून दाखविले. २० लाख, पंधरा वर्षे. पावणेनऊ टक्क्यांनी महिन्याचा हप्ता १९,९८९ रुपये, पावणेअकराने २२,४१९. फरक २,४३० रुपयांचा, आणि पंधरा वर्षांत तो ४ लाख ३७ हजारांच्या वर जातो. कार्डाच्या तडजोडीत सुटले होते १ लाख २५ हजार ७४४. सूट एका खिडकीवर मिळाली आणि तिची किंमत दुसऱ्या खिडकीवर मागितली गेली. दोन्ही आकडे एका कागदावर कोणी मांडून दाखविले नाहीत, कारण दोन्ही खिडक्यांवरच्या माणसांचा एकमेकांशी संबंध नव्हता.

यावरून तडजोड करूच नये, असा निष्कर्ष मात्र निघत नाही. ज्याचे उत्पन्न खरोखर आटले आहे, ज्याच्यापाशी मोडण्यासारखे काही उरलेले नाही, आणि पुढील पाच-सात वर्षांत ज्याला मोठे कर्ज काढावयाचे नाही, त्याच्यासाठी महिन्याला नऊ हजारांनी वाढणाऱ्या देण्यापेक्षा ‘सेटल्ड’ हा शब्द पुष्कळ स्वस्त आहे; त्याच्या अहवालात ‘रिटन ऑफ’ आणि उभी बाकी राहणे याहून वाईट. पण ज्याच्या घरात पाटल्या आहेत, त्याने त्या तिसऱ्या हप्त्यासाठी नव्हे तर तिसऱ्या महिन्यापूर्वी, ९० दिवस भरावयाच्या आत, बाहेर काढाव्यात आणि बँकेकडे सूट न मागता हप्ते बांधून मागावेत. पूर्ण बाकी भरण्याची ऐपत असेल, तर विलंबशुल्कासारखे आकार तेवढे माफ करून खाते ‘क्लोज्ड’ म्हणून कळविण्यास बँक कधीकधी तयार होते. तशी तयारी असेल तर तो शब्द पत्रातच लिहून घ्यावा. घासाघीस जशी रकमेची करावयाची तशीच शब्दाचीही, आणि ती पहिला हप्ता भरण्यापूर्वी, कारण त्यानंतर आपल्या हाती काही उरत नाही.

ज्याची वेळ निघून गेली त्याच्यासाठीही एक वाट आहे, पण ती फुकट नाही. सुटलेली रक्कम मागाहून भरून बँकेकडून खाते पूर्ण फिटल्याचे पत्र घेता येते, आणि मग बँक पत-माहिती कंपन्यांना स्थिती ‘क्लोज्ड’ अशी सुधारून कळवू शकते. त्या थकलेल्या महिन्यांच्या चौकटी पुसल्या जात नाहीत. काळ जाईल तसे त्यांचे वजन घटते, एवढेच. सात वर्षांनी सारे आपोआप नाहीसे होते, या बोलवेवरही फार विसंबू नये, कारण माहिती निदान सात वर्षे जपण्याचे बंधन त्या कंपन्यांवर आहे; ‘निदान’ म्हणजे तितक्यातच पुसण्याचे नव्हे.

मुद्रकांनी बँकेला पत्र लिहून विचारणा केली. उत्तर दोन ओळींचे आले: १ लाख २५ हजार ७४४ रुपये भरल्यास स्थिती सुधारण्यात येईल. ते उत्तर त्यांनी छापखान्याच्या टेबलावर, एका स्मरणिकेच्या मुद्रितांशेजारी ठेवले होते. मुद्रितांत लाल शाईने एक शब्द खोडून समासात दुसरा लिहिलेला होता. गृहवित्त कंपनीचा होकार अजून स्वीकारलेला नव्हता. सव्वा लाख जमवून आधी तो शब्द बदलून घ्यावा आणि मग बँकेत जावे, असे त्यांच्या मनाने जवळजवळ घेतले होते.

“फायनल प्रुफात एक शब्द बदलायचा झाला तर मीही गिऱ्हाइकाकडून जादा आकार घेतो,” ते मुद्रिते गोळा करीत म्हणाले. “पण एवढा अजून कोणाला लावलेला नाही.”